आधी कॅटेगरी, मग वर्णन

संध्याकाळी सात वाजता मुलाला ताप भरला की आई मोबाइलवर ‘clinic near me’ शोधते. गुगल नकाशासोबत वरच जे तीन दवाखाने दाखवतं, त्यांतल्या एखाद्याला बहुतेक वेळा फोन जातो. हे दवाखाने निवडताना मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात, असं गुगल स्वतः सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि त्या जागेची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही, ख्याती वर्षानुवर्षांच्या कामातून आणि अभिप्रायांतून येते. आज बसून सुधारता येते ती जुळणी, आणि तिथे सगळ्यात जास्त वजन असतं ते प्रोफाइलच्या मुख्य कॅटेगरीला.

पण बहुतेक डॉक्टर उलटं करतात. कॅटेगरी घाईत निवडतात आणि वर्णनात आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांची नावं कोंबत बसतात. वर्णनात दहा वस्त्या लिहिल्या म्हणून दवाखाना त्या दहा वस्त्यांत दिसू लागत नाही. त्याचा पत्ता आहे तिथेच राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवली पूर्वेला एक दवाखाना आहे. एमबीबीएस डॉक्टर सकाळ-संध्याकाळ बसतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी स्त्रीरोगतज्ज्ञ येतात. ईसीजीचं मशीन आहे, रक्ताचे नमुने घेऊन बाहेरच्या लॅबला पाठवले जातात. प्रोफाइलवर मुख्य कॅटेगरी आहे ‘Hospital’, कारण ते नाव भारदस्त वाटलं. खाट एकही नाही. त्यामुळे गुगल या दवाखान्याची तुलना मोठ्या रुग्णालयांशी करतं, आणि रात्री अपघाताचा रुग्ण घेऊन कुणी दारात येण्याची भीती वेगळीच.

कॅटेगरी आपल्या मनाने लिहिता येत नाही, गुगलच्या ठरावीक यादीतूनच घ्यावी लागते. मुख्य एक आणि जोडीला जास्तीत जास्त नऊ. निवडण्यासाठी गुगलचीच कसोटी चांगली आहे: हा व्यवसाय काय ‘आहे’ ते सांगा, त्यात काय काय ‘मिळतं’ ते नको. या कसोटीवर मुख्य कॅटेगरी ‘General practitioner’ ठरते आणि जोडीला ‘Medical clinic’. नमुने घेतले जातात म्हणून ‘Medical laboratory’ लावू नये. ईसीजी आणि नमुने ‘Services’मध्ये लिहावेत, त्यासाठीच तो भाग आहे. या दोघांपैकी मुख्य कुठली ठेवावी याबद्दल शंका असेल, तर दवाखान्याजवळ उभं राहून रुग्ण वापरतात ते शब्द शोधावेत आणि वर आलेल्या दवाखान्यांच्या नावाखाली कुठली कॅटेगरी दिसते ते पाहावं.

स्त्रीरोगतज्ज्ञांचं काय? दवाखान्याला ‘Gynecologist’ लावलं तर मंगळवारी एखादी बाई लांबून येऊन परत जाईल. मला योग्य वाटतं ते असं, की त्यांचं त्याच पत्त्यावर स्वतंत्र प्रोफाइल असावं, त्यावर त्यांचं नाव आणि त्या तीन संध्याकाळींच्याच वेळा असाव्यात. ठरलेल्या वेळी त्या जागी भेटणाऱ्या डॉक्टरांना असं प्रोफाइल ठेवता येतं.

आता वर्णन. मर्यादा 750 अक्षरांची. त्यात लिंक चालत नाही, सवलतींची जाहिरात चालत नाही. वर्णनाने क्रमांक वर जातो असं मानून ते लिहू नये. दवाखाना सापडलेल्या माणसाला ‘इथे जाऊ का?’ हे ठरवता यावं, यासाठी ते लिहायचं. आपल्या दवाखान्याचं असं होईल: ‘ताप, खोकला, पोटाचे विकार, तसंच मधुमेह आणि रक्तदाबाची नियमित तपासणी. ईसीजी इथेच होतो. रक्ताचे नमुने इथे घेतले जातात, तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये होते. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट आहे. मराठी, हिंदी आणि गुजराती बोलली जाते. दाखल करण्याची सोय नाही.’ शेवटचं वाक्य लिहायला बरेच जण कचरतात, पण गंभीर रुग्णाचा वेळ त्यानेच वाचतो.

‘सर्वोत्तम’, ‘खात्रीशीर इलाज’ हे शब्द टाळण्याचं कारण गुगलपेक्षा मोठं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांनी रुग्णांना आपल्याकडे ओढण्यासाठी आवाहन करणं अनैतिक ठरतं. प्रोफाइल एजन्सीने लिहिलं, तरी नाव डॉक्टरांचंच असतं.

नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढंच नाव लिहावं. ‘बेस्ट क्लिनिक डोंबिवली पूर्व’ अशी शेपूट जोडली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

कॅटेगरी बदलल्यावर गुगल कधी कधी पुन्हा पडताळणी मागतं, म्हणून पाटी, आतली जागा आणि नोंदणीचे कागद हाताशी ठेवून मगच बदल करावा. त्यानंतर काही आठवडे दुसरं काही बदलू नये. ‘Performance’मध्ये लोक कुठले शब्द शोधून आले ते दिसतं. तिथे दवाखान्याच्या नावाखेरीज ‘clinic near me’सारखे शब्द वाढताना दिसले, तर निवड जमली. ‘admission’ किंवा ‘ICU’ दिसत राहिले, तर गुगल किंवा एखाद्या वापरकर्त्याच्या सूचनेने कॅटेगरी परत बदलली आहे का, हे ‘Edit profile’मध्ये जाऊन तपासावं.