आठ म्हणजे किती?

साताऱ्याजवळ माझ्या मावसभावाचं घर बांधायला घेतलं होतं. तळमजला आणि वर एक मजला, सोळाशे चौरस फुटांचं बांधकाम, बजेट ४० लाख. साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या तरुण इंजिनियरनं प्लायवूडच्या तुकड्यावर एक रंगीत कागद चिकटवला होता. पाच ओळी, पाच रकाने, आणि हिरव्यापासून लालपर्यंत रंगवलेले पंचवीस चौकोन. या तक्त्याला रिस्क मॅट्रिक्स किंवा हीट मॅप म्हणतात. मोठ्या पुलांपासून कारखान्यांपर्यंत तो सगळीकडे वापरतात, आणि आता तो छोट्या घरकामांवरही दिसू लागला आहे.

पद्धत सोपी आहे. काय काय बिघडू शकतं याची यादी करायची. प्रत्येक गोष्टीला ‘घडण्याची शक्यता’ म्हणून एक ते पाच गुण द्यायचे, ‘घडलं तर फटका’ म्हणून पुन्हा एक ते पाच, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. येईल त्या आकड्यावर रंग ठरतो. त्या कागदावर होळीला गडी गावी जाणार याला पाच गुणिले दोन, म्हणजे दहा गुण आणि नारिंगी रंग होता. लोखंडाचा भाव वाढण्याला चार गुणिले दोन, आठ, पिवळा. शेजाऱ्यांची जुनी कंपाउंड वॉल खोदाईत ढासळण्याला दोन गुणिले चार, म्हणजे तेही आठ आणि पिवळंच. मी भिंतीकडे पाहून आलो आणि त्या आठवर अडकलो.

भिंत दगडी होती आणि तिचा पाया जेमतेम दोन फूट. आमच्या फूटिंगचे खड्डे तिच्यापासून अडीच फुटांवर, सहा फूट खोल जाणार होते. वर काळी माती, खाली मुरूम. मी इंजिनियरला विचारलं, “शक्यता दोन म्हणजे किती?” तो म्हणाला, “क्वचित.” “क्वचित म्हणजे किती?” त्याच्या मते शंभरात पाच. तोच प्रश्न मिस्त्रींना विचारला, पण जरा वेगळा करून: “मिस्त्री, अशा भिंतीलगत असे दहा खड्डे काढले, तर किती वेळा भिंत येते?” त्यांनी थोडा विचार केला. “एकदा तर येतेच साहेब. कधी दोनदा.”

ही गोची नवी नाही. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात शर्मन केंट नावाचे विश्लेषक होते. १९५१ साली त्यांच्या विभागानं युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असा अहवाल दिला. नंतर केंट यांनी अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं, की तुमच्या मनात नेमकी किती शक्यता होती? उत्तरं शंभरात वीसपासून ऐंशीपर्यंत आली. सगळ्यांनी एकाच शब्दाला मान डोलावली होती, इतकंच. म्हणून तक्त्याच्या कडेला ‘क्वचित’ किंवा ‘बहुधा’ लिहिलं असेल, तर त्याखाली टक्के लिहायलाच हवेत, आणि ते कोणत्या काळासाठी आहेत हेही. आम्ही लिहिलं: हे घर पूर्ण होईपर्यंत पाच टक्क्यांहून कमी म्हणजे एक, पाच ते वीस म्हणजे दोन, वीस ते पन्नास तीन, पन्नास ते ऐंशी चार, आणि त्यावर पाच.

फटक्याचंही तसंच. ‘मध्यम’ नुकसान म्हणजे काय, हे मालकाच्या आणि ठेकेदाराच्या लेखी वेगळं असतं. आम्ही रुपये घातले: दहा हजारांखाली एक, पन्नास हजारांपर्यंत दोन, दोन लाखांपर्यंत तीन, आठ लाखांपर्यंत चार, त्यापुढे पाच. या पायऱ्या लिहिल्या की लगेच दिसतं की दोनवरून चारवर जाणं म्हणजे दुप्पट होणं नव्हे. दोनचा फटका वीस हजारांचा असू शकतो आणि चारचा पाच लाखांचा. हे आकडे म्हणजे कपाटाच्या खणांवर लावलेल्या चिठ्ठ्या आहेत. कोणता खण वर आणि कोणता खाली, एवढंच त्या सांगतात. चिठ्ठ्यांचा गुणाकार केला तर उत्तर येतं, पण ते कशाचंच माप नसतं.

आता त्याच तीन गोष्टी रुपयांत मांडू. गडी होळीला जाणार हे दहात नऊ वेळा खरं, पण चार-पाच दिवस काम थांबून नुकसान सुमारे बारा हजारांचं. सरासरी भार अकरा हजारांच्या आत. लोखंड साधारण साडेसहा टन लागणार होतं. भाव दहा टक्के वाढला तर चाळीस हजार जास्त, शक्यता पंचावन्न टक्के, म्हणजे बावीस हजार. भिंत पडली तर ती नवी बांधून देणं, खड्डे पुन्हा साफ करणं आणि थांबलेलं काम धरून तीन लाख. शक्यता पंधरा टक्के, भार पंचेचाळीस हजार. म्हणजे दोन्ही ‘आठ’ सारखे नाहीत, एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे. आणि ‘दहा’ गुणांची होळी भिंतीच्या पाव हिश्शाएवढीही नाही. तक्त्यानं क्रम नुसता पुसट केला नव्हता, उलटा केला होता. लुई अँथनी कॉक्स या अमेरिकन अभ्यासकानं २००८ मध्ये गणित मांडून हेच दाखवलं: वारंवार घडणारे छोटे फटके आणि क्वचित घडणारे मोठे फटके एकाच तक्त्यात आले की असा उलटा क्रम लागू शकतो.

सरासरी भारालाही मर्यादा आहे. पंचेचाळीस हजार कोणाच्याच खिशातून जाणार नव्हते. जाणार होते ते शून्य किंवा तीन लाख. भावानं अडीअडचणीसाठी चार लाख बाजूला ठेवले होते. त्यातले तीन पायातच गेले असते, तर स्लॅबच्या वेळी हात रिकामा राहिला असता. म्हणून भाराच्या शेजारी ‘सर्वात वाईट झालं तर’ असा एक रकाना लागतोच.

दिवसांचा हिशेब याहून फसवा. आमचा वरचा स्लॅब २० मेला टाकायचा होता आणि इकडे पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. फेब्रुवारीतला आठवड्याचा उशीर पुढे भरून निघतो. मेअखेरीचा आठवडा सेंटरिंग उभं असताना पाऊस अंगावर आणतो. दोन्हींना ‘सात दिवस’ म्हणून एकच गुण देणं चूक. म्हणून आम्ही दिवस न मोजता, पावसाआधी हातात असलेल्या मोकळ्या दिवसांपैकी किती खाल्ले जातात ते मोजलं.

एक गोष्ट मात्र मी रुपयांत मोडू दिली नाही. सहा फुटांच्या खड्ड्यात भिंतीखाली माणूस उतरणार होता. दीड मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पाच फुटांपेक्षा खोल चराला आधार द्यावा असं भारतीय मानक सांगतं, आणि ते काही उगीच सांगत नाही. माती अंगावर आली की माणसाला बाहेर यायला वेळच मिळत नाही. जिवाच्या धोक्याची ओळ आम्ही तक्त्यातून काढून कागदाच्या माथ्यावर वेगळी लिहिली. तिला गुण नाहीत आणि रंगही नाही. आधी आधार, मग माणूस.

रंगही नव्यानं भरले. आधी ते तिरक्या पट्ट्यांत, डोळ्यांना बरे दिसतील असे होते. आता प्रत्येक चौकोनाच्या मधल्या टक्क्याला मधल्या रकमेनं गुणलं. भार पाच हजारांखाली असेल तर हिरवा, तीस हजारांपर्यंत पिवळा, त्यावर लाल. झेरॉक्समध्ये रंग जातात, म्हणून चौकोनात अक्षरही लिहिलं. भिंतीचा चौकोन लाल झाला, होळीचा पिवळ्यात आला.

उपायाचा हिशेबही मग सरळ झाला. भिंतीला बल्ल्यांचे टेकू, चराला फळ्या, आणि जेसीबीऐवजी हातानं, एक सोडून एक असे खड्डे काढून लगेच भरणं, याला पंचवीस हजार जास्त लागणार होते. मिस्त्रींच्या अंदाजानं शक्यता पंधरावरून तीन टक्क्यांवर येत होती, म्हणजे भार पंचेचाळीस हजारांवरून नऊ हजारांवर. भावानं तिथेच होकार दिला. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी भिंतीतल्या एका जुन्या भेगेवर प्लॅस्टरची पट्टी मारली आणि तिच्यावर तारीख कोरली. पट्टी तडकली तर भिंत हलतेय. खड्डे भरेपर्यंत रोज सकाळी कोणीतरी आधी ती पट्टी पाहून यायचं आणि मगच काम सुरू व्हायचं.