औषधाच्या नावाचे शेपूट

गोळ्यांच्या बहुतेक पाकिटांवर दोन नावे छापलेली असतात. एक कंपनीने ठेवलेले, म्हणजे ब्रँडनाव. दुसरे आतल्या औषधाचे, म्हणजे जेनेरिक नाव. टेल्मा हे ब्रँडनाव आहे आणि त्या गोळीतल्या औषधाचे नाव टेल्मिसार्टन. टेल्मिकाइंड ही दुसऱ्या कंपनीची गोळी, पण तिच्यातही टेल्मिसार्टनच असते. ब्रँडनावावर एका कंपनीची मालकी असते, तर जेनेरिक नाव कुणाच्याच मालकीचे नसते आणि ते बहुतेक सगळ्या जगात एकच असते.

हे एकच नाव ठरवण्याचे काम जागतिक आरोग्य संघटना करते. 1950 मध्ये त्यासाठीचा ठराव झाला आणि 1953 मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. नवे औषध तयार करणारी कंपनी नाव सुचवते, पण त्यात तिला पूर्ण मोकळीक नसते. नावाची सुरुवात तिच्या पसंतीची असू शकते, शेवट मात्र औषध कोणत्या कुळातले आहे त्यानुसार ठरतो. त्यामुळे जेनेरिक नावाच्या शेपटात औषधाचे आडनाव दडलेले असते. काही कुळांची खूण नावाच्या सुरुवातीला असते, पण शेपटाची पद्धतच जास्त रूढ आहे.

रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये हे फार स्पष्ट दिसते. रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन नावाचे द्रव्य शरीरात तयार होते. ते तयार करणारे विकर रोखणाऱ्या औषधांची नावे ‘प्रिल’ने संपतात: एनालाप्रिल, रामिप्रिल. ते द्रव्य तयार होऊ देऊन पेशीवरची त्याची जागाच अडवणारी औषधे ‘सार्टन’ची: लोसार्टन, टेल्मिसार्टन. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू न देऊन त्या सैल करणारी ‘डिपिन’ची: अम्लोडिपिन, सिल्निडिपिन. हृदयाचे ठोके संथ करणारी ‘ओलॉल’ची: अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल.

आडनाव कळले की स्वभावही बराचसा कळतो. ‘प्रिल’ घेणाऱ्या काहीजणांना कोरडा, चिवट खोकला लागतो आणि खोकल्याच्या औषधाने तो थांबत नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा ‘सार्टन’ देतात, कारण त्या कुळात हा त्रास क्वचितच होतो. एक ‘प्रिल’ बदलून दुसरे ‘प्रिल’ दिले तर मात्र खोकला तसाच राहण्याची शक्यता जास्त. गरोदरपणात ही दोन्ही कुळे टाळावी लागतात, मग ब्रँडनाव कोणतेही असो.

भारतात हे शेपूट सहसा डोळ्यांआड जाते. 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या कृतीलाच पेटंट मिळत असे, आणि ही स्थिती 2005 पर्यंत राहिली. त्यामुळे एकच औषध अनेक कंपन्यांनी बनवले आणि प्रत्येकीने आपापले नाव दिले. यातली कितीतरी नावे जेनेरिक नावाचे डोके घेतात आणि शेपूट टाकून देतात. टेल्मिसार्टनचे टेल्मा, अम्लोडिपिनचे अम्लाँग. अर्थ सांगणारा भाग नेमका गळून पडतो. ‘मेट एक्सएल’ ही हृदयासाठीची मेटोप्रोलॉलची गोळी, पण मधुमेहाच्या मेटफॉर्मिनलाही बोलताना बरेचजण ‘मेट’च म्हणतात. डोके सारखे, शेपूट वेगळे आणि काम तर पूर्ण वेगळे.

यातून गोंधळ कसा होतो, ते एका उदाहरणातून पाहता येईल. पासष्टीच्या एक आजी रोज सकाळी टेल्मा 40 आणि अम्लाँग 5 घेतात, असे समजू. म्हणजे 40 मिलिग्रॅम टेल्मिसार्टन आणि 5 मिलिग्रॅम अम्लोडिपिन. मुलीकडे दुसऱ्या गावी गेल्यावर तिथले डॉक्टर दोन गोळ्यांऐवजी एकच टेल्मा-एएम लिहून देतात. तिच्यात हीच दोन्ही औषधे याच मात्रेत आहेत. ‘एएम’ ही अम्लोडिपिनची खूण, जशी ‘एच’ ही हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची. आजींना टेल्माची गोळी बदलली एवढे समजते. जुने टेल्मा त्या बंद करतात, पण अम्लाँग नावाने वेगळे असल्याने चालूच राहते.

आता पोटात रोज 10 मिलिग्रॅम अम्लोडिपिन जाते. प्रौढांसाठी ही नेहमीची कमाल मात्रा आहे, म्हणून लगेच काही घडत नाही. पण काही दिवसांत संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू लागते, चपलेचा पट्टा रुततो, बोट दाबले की खळगा राहतो. ‘डिपिन’ कुळाचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि मात्रा वाढली की तोही वाढतो. या औषधाने बारीक धमन्या सैलावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्यापाशी साचते. शरीरात पाणी जास्त झालेले नसते, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. अम्लोडिपिन दुप्पट झाले आहे हे लक्षात आले नाही, तर मात्र तीच गोळी सुरू होते आणि एका चुकीवर दुसरे औषध चढते.

दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून जेनेरिक नावे वाचली असती, तर ‘अम्लोडिपिन’ दोनदा दिसले असते. हे नाव ब्रँडनावापेक्षा किमान दोन फाँटआकारांनी मोठे छापावे, असा नियम 2018 पासून आहे. तरी दुकानदाराने पाकीट कापून चार गोळ्या दिल्या की नाव अर्धवट उरते, म्हणून नाव असलेला तुकडा मागून घेतलेला बरा. नावापुढे ‘बेसिलेट’, ‘सक्सिनेट’ असा शब्द आला तर तो क्षाराचा असतो. शेपूट त्याच्या आधीच्या शब्दात शोधायचे. आणि दोन पाकिटांवर एकच नाव दिसले, तर आपल्या मनाने गोळी बंद न करता दोन्ही पाकिटे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवायची.

शेपटावरून कूळ ओळखता येते, मात्रा नाही. अंदाजही कधी चुकतो. कोलेस्टेरॉलच्या अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारखाच शेवट निस्टॅटिनलाही आहे, पण ते बुरशीवरचे औषध. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेत ते सापडले आणि राज्याच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. स्टॅटिन कुळाचे अधिकृत शेपूट ‘व्हास्टॅटिन’ असे लांब आहे. आम्लपित्ताच्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांच्या रांगेत अ‍ॅरिपिप्राझोल बसल्यासारखे वाटते, पण ते मानसिक आजारांवर दिले जाते.

सगळ्यात जपावे लागते ते ‘ऑल’पाशी. सॅल्ब्युटॅमॉल आणि प्रोप्रॅनोलॉल कानाला जवळचे वाटतात. पण कुळाची खूण नुसते ‘ऑल’ नसून पूर्ण ‘ओलॉल’ आहे, आणि ती फक्त दुसऱ्या नावात आहे. सॅल्ब्युटॅमॉल दम्यात आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते. प्रोप्रॅनोलॉल त्याच श्वासनलिका आवळू शकते, म्हणून दमा असणाऱ्यांना ते दिले जात नाही.