टोपी पाहा, लिपी नंतर

२०११च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९५१ स्त्रिया आढळल्या, म्हणजे स्त्रियांचे प्रमाण ९५१/१९५१, सुमारे ०.४८७. सगळ्यांची मोजणी झाली, म्हणून हा समष्टीचा प्राचल, एकच आणि स्थिर. जनगणनेतही माणसे सुटतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्याने मोजणी चुकते, प्राचल बदलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र निवडक घरांतच जाते. घरे वेगळी निवडली, तर उत्तरही थोडे हलते. हे नमुन्याचे मूल्य.

म्हणून पुस्तके प्राचलाला ग्रीक μ, σ देतात आणि नमुन्याला लॅटिन x̄, s. प्रमाणापाशी हा नेम ढळतो. π वर्तुळासाठी रूढ असल्याने अनेक लेखक समष्टीच्या प्रमाणालाच p लिहितात, वरचे ०.४८७ मग p, आणि सर्वेक्षणाचे उत्तर p̂. अशा ठिकाणी लिपी फसवते, डोक्यावरची टोपी फसवत नाही.