दलाली कोणाची आणि कधीची?

पुण्यात राहता फ्लॅट विकायला काढला की बहुतेक मालक तीन-चार एजंटांना सांगून मोकळे होतात. विकणाऱ्याकडून एक टक्का, एवढं तोंडी ठरतं. जो गिऱ्हाईक आणेल त्याला दलाली. मालकाला यात काही गमावल्यासारखं वाटत नाही, पण एजंटाचा हिशेब वेगळा असतो. उद्या दुसराच कोणी सौदा जमवणार असेल, तर तो फोटोंवर आणि जाहिरातीवर खर्च कशाला करेल? मग एकच फ्लॅट चार ठिकाणी चार किमतींना दिसतो आणि घेणारा सर्वांत खालच्या आकड्यापासून बोलायला लागतो.

खरी कटकट पुढे असते. समजा, नव्वद लाखांचा फ्लॅट मार्चमध्ये एका एजंटाने एका जोडप्याला दाखवला. जूनमध्ये तेच जोडपं दुसऱ्या एजंटाबरोबर आलं आणि व्यवहार झाला. आता नव्वद हजारांवर दोघांचा हक्क. निव्वळ दार उघडून दाखवणं आणि सौदा जमवून आणणं यांत फरक आहे, पण कागद नसेल तर तो सिद्ध करताना मालकाचीच दमछाक होते. म्हणून खुल्या पद्धतीतही कोणी कोणाला कधी आणलं, ते त्याच दिवशी मेसेजवर लिहून घ्यावं.

एकाच एजंटाला फ्लॅट दिला, तर मुदत लिहावी. नव्वद दिवस पुरेसे आहेत. तुमच्या मावसभावानेच फ्लॅट घेतला तर दलाली लागू की नाही, हेही आधी ठरवावं. इथेच भांडणं होतात. मुदतीनंतर दोन-तीन महिन्यांत त्याच एजंटाने आणलेल्या माणसाने फ्लॅट घेतला, तर त्याची दलाली त्याला द्यावी. मात्र त्या माणसांची यादी मुदत संपतानाच घ्यावी. ठरलेली मुदत सबळ कारणाशिवाय मध्येच मोडली, तर १८७२च्या करार कायद्याच्या कलम २०५नुसार भरपाई मागता येते.

पैसे कधी द्यायचे, याबद्दल त्याच कायद्याचं कलम २१९ सांगतं: वेगळं काही ठरलं नसेल, तर काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही. पण पुनर्विक्रीत काम पूर्ण झालं कधी म्हणायचं? एजंटाला ते टोकनच्या दिवशी झाल्यासारखं वाटतं. वरच्या उदाहरणात लाखभर टोकन आलं आणि तुम्ही नव्वद हजार लगेच देऊन टाकले. पुढे बँकेने घेणाऱ्याचं कर्ज नाकारलं. टोकन परत करायचं ठरलेलं असेल तर ते तुमच्या खिशातून जाईल आणि दलालीसाठी एजंटाच्या मागे फिरावं लागेल. सगळी रक्कम ताब्यापर्यंत अडवून ठेवणंही बरोबर नाही, कारण बँकेचा शेवटचा चेक यायला कधी कधी महिना-दीड महिना लागतो आणि त्यात एजंटाचा दोष नसतो. निम्मी दलाली करारनाम्याच्या नोंदणीला, निम्मी पूर्ण पैसे खात्यात आल्यावर, असं लिहिलेलं मला रास्त वाटतं. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर अठरा टक्के वर येतात; ते टक्क्यात धरले आहेत की वेगळे, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.