दमयंतीचं औषध

मराठी न येणाऱ्याला श्लेष समजावून सांगायचा असेल, तर शाळेच्या व्याकरणात भेटलेली दमयंती कामी येते. नलाच्या ओढीने मूर्च्छित पडलेली ही मुलगी थंड उपचारांनी शुद्धीवर येते आणि म्हणते, मला औषध ‘नलगे’. आई ते ‘न लगे’ असं ऐकते, म्हणजे औषध नको, आणि समाधानाने मान डोलावते. मुलीच्या मनात मात्र ‘नल गे’ असतं: अगं, नल हेच माझं औषध.

आपल्याला हे लगेच कळतं. पाहुण्याला मात्र आधी तीन गोष्टी सांगाव्या लागतात. नल हे राजाचं नाव आहे. ‘लगे’ हे ‘लागते’चं जुनं रूप आहे. आणि ‘गे’ ही बाईला मारलेली हाक आहे. कोकणी माणसाला ही हाक ओळखीची असते. हिंदी माणसाला तीही समजावावी लागते. या तिन्ही गोष्टी आधी सांगून, शब्द शेवटी उच्चारावा. आधी शब्द ऐकवून मग फोड करत बसलं, तर माहिती पोचते, पण दोन अर्थ एकदम उमटण्याचा झटका हरवतो.

एवढं करूनही खरी कारागिरी सांगायची राहतेच. बोलताना आपण ‘नळराजा’ म्हणतो. कवीने ‘नळ’ घेतला असता तर ‘न लगे’ जुळलंच नसतं. संस्कृतातला ‘ल’ ठेवला म्हणून श्लेष उभा राहिला. शिवाय आजच्या बोलीत ‘नल’मधला शेवटचा ‘अ’ गळतो आणि ‘नल् गे’ होतं, तर ‘न लगे’त ‘न’नंतर किंचित थांबा येतो. म्हणजे गद्यात हे दोन उच्चार वेगळेच पडतात. पद्य म्हणताना प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतात, न-ल-गे, तेव्हाच आई आणि मुलगी दोघींचं वाक्य एक होतं. असा श्लेष शब्द तोडून साधतो, म्हणून त्याला सभंग म्हणतात, आणि भाषांतरात पहिला बळी त्याचाच जातो.

शब्द न तोडता साधलेला अभंग श्लेष थोडा चिवट असतो. ‘मित्राचा उदय झाला की सगळ्यांना आनंद होतो’ या वाक्यात मित्र म्हणजे स्नेहीही आणि सूर्यही. सूर्यनमस्कारातलं पहिलं नाव माहीत असलेल्या हिंदी किंवा बंगाली माणसाला तो जसाच्या तसा देता येतो, कारण शब्द दोघांच्या घरचा आहे. इंग्रजीत तो सरहद्दीवरच थांबतो.

दमयंतीचं भाषांतर करणाऱ्यापुढे मग एकच चांगली वाट उरते. ‘नलगे’ सोडून द्यावं आणि आपल्या भाषेत असं वाक्य शोधावं, की जे ऐकून आई निश्चिंत होईल आणि मुलगी खोटंही बोललेली नसेल. शब्द नवे, औषधही कदाचित वेगळं. आईची फसगत तेवढी तीच राहायला हवी.