पत्रा उडतो, पडत नाही

कोकणात दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या वाडीत शेड कोसळल्याची बातमी येते. जाऊन पाहिलं तर शेड बहुतेक वेळा कोसळलेली नसते, उडालेली असते. पत्रे शेजारच्या आंब्यावर, वासे रस्त्यावर आणि खांब मात्र आपल्या जागी उभे. माणूस शेड बांधतो ती वरून पडणाऱ्या पावसासाठी. तिची खरी परीक्षा घेतो तो खालून शिरणारा वारा. कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत दोन शेजाऱ्यांनी 2025 च्या मे महिन्यात मिळून शेड उभारली, तिची गोष्ट म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

दोघांपैकी थोरले ते आबा. सत्तरीकडे झुकलेले, घरामागे माणग्याची आणि कळकाची बेटं. गडग्यापलीकडे राहणारा दादा तिशीतला. त्याची आधीची शेड गेल्या पावसात उडाली होती. लाकडं, सुकं गवत आणि दादाची मोटरसायकल यांना पावसाआधी छप्पर हवंच होतं, आणि ती गरज आबांनाही होती. बांबू आबांचा, पत्रा दादाचा, मेहनत दोघांची आणि जागा गडग्यालगतची, थोडी इकडची थोडी तिकडची, असं ठरलं. आगोटीच्या कामांत मजूर मिळत नाहीत, तेव्हा सावड करण्यावाचून इलाजही नव्हता.

बांबूचं काम मात्र मे महिन्यात सुरू झालेलं नव्हतं. आबांनी तो माघातच तोडून ठेवला होता. बांबूत पिष्ट असतं, आणि त्याच पिष्टावर भुंगा पोसतो. ओल्या दिवसांत तोडलेला बांबू घरात आणला की काही महिन्यांत त्याला बारीक भोकं पडतात आणि खाली पिवळसर पीठ सांडू लागतं. ते पीठ दिसलं की समजावं, आत पोकळ व्हायला सुरुवात झाली. तोडायचा तोही निदान तीन वर्षांचा. ज्याच्यावर अजून सुकी खोळ चिकटलेली आहे, जो हिरवागार तुकतुकीत आहे, तो कोवळा. ज्याची चमक गेली आहे, अंगावर पांढुरके डाग आले आहेत आणि कोयत्याचा पाठीमागचा भाग मारला की खणखणीत वाजतो, तो पक्का. आबांनी असेच निवडले, तीनेक आठवडे व्हाळाच्या वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवले म्हणजे बरंचसं पिष्ट निघून जातं, आणि मग सावलीत उभे करून वाळवले. खांबांना जाड कळक, वाशांना आणि रिपांना माणगा. माणगा हा कोकणचा बिनकाट्याचा बांबू. आतून जवळजवळ भरीव असल्यामुळे तो वाकतो पण सहज मोडत नाही.

आता हिशेब. शेड बारा फूट लांब, आठ फूट रुंद, एकपाखी. उंच बाजूचे खांब नऊ फूट, सखल बाजूचे सात. आठ फुटांत दोन फूट उतार पाणी पळवायला पुरतो. दहा फुटी पत्रा घेतला की उतारावर मध्ये जोड येत नाही आणि दोन्हीकडे थोडी वळचणही मिळते. साडेतीन फूट रुंदीचा पत्रा, कडेचा जोड सोडल्यास, सव्वातीन फूट झाकतो. म्हणजे चार पत्रे पुरले. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा असा एक पत्रा साधारण चौदा-पंधरा किलो भरतो. चारांचे साठ किलो.

आणि वारा? छपराचं क्षेत्रफळ बारा चौरस मीटर धरा. ताशी साठ किलोमीटरचा वारा, जो पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार सरीबरोबर सहज येतो, अशा उघड्या छपराला ढोबळमानाने दोनशे किलोच्या जोराने वर उचलू पाहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी एकशे दहा किलोमीटरच्या पुढे होता. त्या वाऱ्यात हेच छप्पर साडेसहाशे किलोहून अधिक जोराने वर ओढलं गेलं असतं. साठ किलोचं छप्पर स्वतःच्या वजनावर बसून राहील ही आशा तिथेच संपते. पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवणारे लोक हा हिशेब न मांडताही तो जाणतात, पण चार दगडांनी तो भागत नाही. वादळात दगडच खाली येतो, कधी कोणाच्या डोक्यावर.

म्हणून शेड वरून खाली नव्हे, तर खालून वर विचारात घ्यायची. वाऱ्याचा ओढा पत्र्यावरून हुकात, हुकातून रिपेत, रिपेतून वाशात, तिथून तुळईत, खांबात आणि शेवटी जमिनीत जातो. यातला एक सांधा कच्चा असला तर बाकीचे पक्के असून उपयोग नाही.

दादाची जुनी शेड कुठे सुटली होती, हे उडालेल्या वाशांवरून कळत होतं. त्याने सगळीकडे खिळे ठोकले होते. बांबूचे धागे उभे, त्यामुळे खिळा शिरला की त्या रेषेत चीर जाते. वाऱ्याच्या दोन-चार हिसक्यांत खिळा त्या चिरेतून अलगद बाहेर येतो. या वेळीही तो हातोडा घेऊन वर चढला, तेव्हा आबा खालून ओरडले, ‘‘खिळो मारू नको रे, बांबू फुटतलो!’’

‘‘मगे कसा करूचा, आबानू?’’

‘‘भोक पाड, बोल्ट घाल. आणि पेराक धरून पाड.’’

पेराजवळ बांबू आतून पडद्याने बांधलेला असतो, तिथे पाडलेल्या भोकाची चीर लांब जात नाही. त्यांनी खांबाच्या डोक्याला वाटोळी खाच घेऊन तुळई तिच्यात बसवली आणि पेरालगत बोल्ट घातले. वासे तुळईला सुंभाने बांधले, तेही सुंभ भिजवून, आणि वर बांधणीच्या तारेचे दोन वेढे. ओला सुंभ वाळताना आवळतो. तार मात्र पकडीने पिळताना हात आवरावा लागतो, नाहीतर ती बांबूच्या अंगात रुतते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पायात, आणि तो जायलाच हवा होता. बांबू थेट मातीत पुरला तर कोकणातल्या ओलीत तो दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. कुजतो तोही जमिनीच्या पातळीशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरून खांब ठणठणीत दिसतो आणि बुंध्याशी सुरी सहज आत जाते. दोघांनी सहा खड्डे काढले, सव्वा फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल. त्यांत जांभ्याचे तुकडे आणि काँक्रीट भरलं, जमिनीवर अर्धा फूट ओटा ठेवला आणि प्रत्येकात लोखंडाच्या दोन पट्ट्या उभ्या गाडल्या. खांब या पट्ट्यांच्या मध्ये ओट्यावर उभा राहतो आणि आरपार बोल्टने धरला जातो. असा एक पाया दोनशे किलोच्या आसपास भरतो, सहा मिळून हजारापुढे. म्हणजे निसर्गसारख्या वाऱ्याच्या ओढ्यालाही हिशेबाने पुरे. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारलं, मगच खांब चढवले. घाईत हाच आठवडा लोक खातात.

सांगाडा उभा झाल्यावर आबांनी एका खांबाला खांदा देऊन हलवलं. सगळी चौकट तिरकी झुलली. चौकोन नुसता बांधला तर लोळतोच. तिरक्या आधारांनी त्याचे त्रिकोण केले की तो थांबतो. प्रत्येक बाजूला कोपऱ्यातून कोपऱ्यात एकेक माणगा बसला आणि झुलणं बंद झालं. पत्रा चढवण्याआधी ही परीक्षा घेतली नाही, तर नंतर ती वारा घेतो.

भांडण झालं ते उतारावरून. पाऊस-वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून सखल बाजू पश्चिमेला हवी आणि ती झापांनी बंद हवी. उंच बाजू पूर्वेला, उघडी. उलटं केलं, म्हणजे वाऱ्याकडची बाजू उघडी आणि मागची बंद, तर वारा आत कोंडतो आणि पत्र्याला खालूनही धक्का बसतो. बांधणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात, कारण पूर्वेला भिंत आणि पश्चिमेला दार सोयीचं वाटतं. पण पश्चिमेला दादाचं अंगण. सगळ्या पागोळ्या आपल्या दारात नकोत, हे त्याचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी एवढ्याशा छपरावरून पस्तीस हजार लिटर पाणी उतरतं. दिशा बदलता येत नव्हती, तेव्हा पाणी वळवायचं ठरलं. प्लास्टिकचा सहा इंची पाइप उभा चिरून त्याचं पन्हळ केलं आणि पाणी गडग्याच्या कडेने आबांच्या पोफळींकडे नेलं. खर्च अर्धा-अर्धा.

पत्रा चढवताना मात्र दोन माणसं लागतातच. दहा फुटी पत्रा वाऱ्यात एकट्याच्या हातात पंख्यासारखा फिरतो आणि त्याची कड कोयत्यासारखी लागते. दादा वर फळीवर, आबा खाली. पत्रे वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून लावत आले, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे. पुढचा पत्रा आधीच्याची कड झाकतो, जोडाची फट वाऱ्याकडे तोंड करत नाही. तीन-तीन फुटांवरच्या चार रिपांना विळखा घालून पन्नासेक जे हुक बसले. कडेच्या ओळींत ते दाट, कारण वारा पत्रा सोलायला कडेपासूनच सुरुवात करतो. भोकं पत्र्याच्या उंचवट्यावर, नळीत नाही, आणि प्रत्येक हुकावर डांबरी वायसर. नळीत पाडलेलं भोक पहिल्याच पावसात गळतं.

दोघांचा मुहूर्त होता मृगाच्या आतला, म्हणजे 7 जूनपर्यंतचा. ‘‘पावस कोणाक सांगान येता?’’ म्हणत आबांनीच घाई केली आणि ते बरं झालं. त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच सरी सुरू झाल्या. 24 मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोचला, त्याच दिवशी कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या किनाऱ्यावरून आत शिरलं, 25 ला तळकोकणात मान्सून जाहीर झाला आणि 26 ला तो मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. शेवटचे हुक आवळले गेले ते सरींच्या उघडिपीत. त्या तीन दिवसांत वाडीतल्या दोन शेडचे पत्रे सुटले, यांचा एकही हलला नाही.

पण काम तेवढ्यावर संपत नाही. वाळलेला बांबूही पहिल्या वर्षी थोडा आक्रसतो आणि बांधणी सैल होते. म्हणून पहिल्या महिन्यानंतर तारेचे वेढे पुन्हा पिळावेत, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये एक फेरी मारावी: खांबाच्या बुंध्याला सुरी टोचून, रिपांखाली पीठ सांडलंय का ते पाहून, हुकांच्या नटांना पाना लावून. तुमच्या अंगणात खिळ्यांवर उभी असलेली शेड असेल तर ती मोडायची गरज नाही. कडेच्या वाशांना तारेचे वेढे द्या, तिरके आधार घाला आणि कोपऱ्याचे चार खांब काँक्रीटला बोल्टने जखडा. आणि पत्र्यावर चढायला शेजाऱ्याला हाक मारा, एकट्याने चढू नका.