नाही फक्त उत्तर

मागच्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला. वडील माझे जुने दोस्त, त्यामुळे लहानपणापासून तो मला चाचाच म्हणतो. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरीला आहे. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि मग मोबाइल पुढे करून म्हणाला, "चाचा, दोन ओळी लिहून द्या ना."

प्रकरण असं होतं. सकाळी साडेसातच्या एस.टी.ने तो रोज जातो. त्याच गाडीने एका कचेरीत काम करणारी एक मुलगीही जायची. वर्षभर दोघं शेजारी बसत होते. ती खिडकीशी, हा पलीकडे. बोलणं पाऊसपाण्याचं, पासाचं, साहेबांच्या तऱ्हेवाईकपणाचं. मे महिन्यात तिने तालुक्यालाच खोली घेतली आणि गाडी सुटली. फोन नंबर होता. काहीतरी लिहावं असं याला वाटत होतं, पण उघड लिहायची छाती होत नव्हती. आणि मला विचाराल तर उघड लिहिण्याची ती वेळही नव्हती.

न बोलता बोलण्याची ही कला आपल्या मातीत फार जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात सुमारे सातशे गाथा आहेत. त्यांपैकी एका गाथेतला प्रसंग सांगतो. एक वाटसरू मुक्कामाला आलाय. घरात तरुण सून आणि तिची सासू. दिवस मावळायच्या आत सून त्याला दाखवते की सासू इथे झोपते आणि मी तिथे. नीट बघून ठेव, तू रातांधळा आहेस, चुकून आमच्या अंथरुणावर येऊन पडशील. सासूच्या कानावर पडली ती ताकीद. वाटसरूला मिळालं ते निमंत्रण, पत्त्यासकट.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' हा ग्रंथ लिहिला. वरचा अर्थ एक आणि आतून उमटणारा अर्थ दुसरा, हे समजावताना त्याने आपल्या या गोदाकाठच्या भाषेतली गाथा उदाहरणाला घेतली. वर निषेध आहे आणि आत होकार आहे, असं तो म्हणतो.

या गाथेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तो रातांधळेपणा. तो कशाला हवा होता? नुसतं 'मी इथे झोपते' म्हटलं असतं तर सासूच्या मनात पाल चुकचुकली असती. रातांधळेपणामुळे ताकीद देण्याला कारण मिळालं. वरचा अर्थ स्वतःच्या पायांवर उभा राहिला. आडून बोलण्याचा पहिला नियम हाच आहे. वरचा अर्थ लंगडा असेल तर ऐकणारा लगेच खाली वाकून बघतो, आणि मग लपवलेलं काही लपलेलं राहत नाही.

अकराव्या शतकातल्या मम्मटाने असा अर्थ कशाकशामुळे उमटतो याची यादीच दिली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, जवळ तिसरं कोण आहे, जागा कोणती, वेळ कोणती, प्रसंग काय, आणि 'काकू'. ही काकू म्हणजे नात्यातली नव्हे, तर आवाजाचा हेल. 'या हं परत' हे तीन शब्द एकाच माणसाने दोन हेलांत म्हटले तर त्यांचे दोन अर्थ होतात. पण पत्रात आणि मोबाइलवर हा हेल पोहोचत नाही. तिथे त्याचं काम वेळ, जागा आणि प्रसंग यांच्याकडून करून घ्यावं लागतं. लिहिणारे फसतात ते इथेच.

मीही फसलो होतो. ते आधी सांगतो, म्हणजे त्या मुलाला मी जे सांगितलं ते का सांगितलं हे कळेल.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बरोबर शिकणारी एक मुलगी शिक्षण सोडून घरच्यांबरोबर दुसऱ्या गावी गेली. तिच्या भावाशी माझी मैत्री होती, त्यामुळे पत्र लिहिण्याला आडकाठी नव्हती. पण पत्र घरात सगळे वाचणार, हे उघडच होतं. त्या काळात मी उर्दू शायरीतल्या 'ईहाम'च्या नादाला लागलो होतो. ईहाम म्हणजे दोन अर्थांचा शब्द योजायचा. जवळचा अर्थ पटकन सुचतो, कवीच्या मनात असतो लांबचा. मी नवीन खोलीचं वर्णन लिहिलं : "खोलीला तीन खिडक्या आहेत. पूर्व आहे, पश्चिम आहे, दक्षिण आहे. नाही फक्त उत्तर."

मराठीत 'उत्तर' दिशाही आहे आणि जबाबही. पण दिशा स्त्रीलिंगी, जबाब नपुंसकलिंगी. 'उत्तर मिळालं नाही' म्हटलं की दिशा गळाली. 'उत्तरेची वाट बघतो' म्हटलं की जबाब गळाला. लिंग दाखवणारा एकही शब्द जवळ येऊ द्यायचा नव्हता. 'आहे' आणि 'नाही' यांना लिंग नसतं, म्हणून ते वाक्य तसं बांधलं. त्यात माझी एक अख्खी रात्र गेली. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आठ दिवसांत तिचं पत्र आलं. घरची खुशाली, आणि शेवटी एक ओळ : "उत्तरेला भिंत असलेलीच बरी. थंडी लागत नाही."

हे खिडकीबद्दल होतं की माझ्याबद्दल? आज इतक्या वर्षांनीही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तिने वरच्या अर्थाला जबाब दिला होता, आणि तेवढं मला पुरायला हवं होतं. मला ते पुरलं नाही. मी आणखी दोन पत्रं लिहिली, त्यांत आणखी दोन श्लेष घातले. त्यानंतर पत्रं बंद झाली. पुढे तिच्या भावानेही बोलणं कमी केलं. चूक श्लेषात नव्हती. एकदा जपून विचारणं ही अदब, तेच तीनदा विचारणं हा पिच्छा, हे मला कळलं नव्हतं.

तर आता त्या मुलाकडे येऊ. त्याने आधीच तीन मसुदे करून ठेवले होते. पहिल्यात गुलाब, चंद्र आणि मोबाइलवरून उचललेला एक शेर. मी म्हटलं, "अरे, हे गावातल्या कुणालाही पाठवता येईल. हिलाच पाठवलं याची खूण कुठे आहे?" दुसरा मसुदा : "तुम्ही गेल्यापासून करमत नाही." हे खरं होतं, पण यावर तिला हो किंवा नाही म्हणणंच भाग होतं. नुसती ओळख ठेवायची असेल, तर बिचारीने काय लिहायचं? तिसरा एका मित्राने सुचवलेला, चावट द्व्यर्थाचा. दादा कोंडक्यांच्या सिनेमात तसले संवाद ऐकून थिएटर हसायचं, कारण आतला अर्थ एकाच वेळी सगळ्यांना कळायचा. तिथे मजाच ती. पण इथे किल्ली सगळ्या गावाकडे असून चालत नाही. ती एकाच माणसाकडे हवी.

मी विचारलं, "गाडीत आता काय बदललंय, ते सांग." तो म्हणाला, "काही नाही. खिडकी रिकामी असते. सवयीने मी पलीकडेच बसतो." मी म्हटलं, "झालं की, लिही."

मग असं ठरलं : "साडेसातच्या गाडीत खिडकीची जागा आता रोज रिकामी असते. मी अजून पलीकडेच बसतो."

यात आठवण हा शब्द नाही. तिच्या मैत्रिणीने किंवा आईने वाचलं तरी गाडीतल्या जागेची खबर आहे, कुणाला खाली बघावं लागणार नाही. ती खिडकी कुणाची, हे मात्र तिलाच माहीत. सगळं वजन 'अजून' या एका शब्दावर आहे. तो काढा, नुसती माहिती उरते. त्याच्या जागी 'तुमच्यासाठी' घाला, थेट मागणी होते. मनात होतं त्यापेक्षा कमी लिहिलं, म्हणून ती खरं किती असेल याचा अंदाज घेऊ शकत होती. जास्त लिहिलं असतं तर तिने ते वजा करून वाचलं असतं.

वेळेचंही ठरवलं. तो रात्री अकराला पाठवणार होता. मी नको म्हटलं. तेच वाक्य रात्री अकराला वेगळं होतं, अंगाशी येतं. सकाळी, गाडीत बसल्यावर पाठव. आणि पासवाल्यांच्या ग्रुपवर नको, नाहीतर चेष्टा होईल.

दुसऱ्या दिवशी तिचा जबाब आला : "पावसाळ्यात ती खिडकी गळते. पलीकडेच बरं."

तो पळत आला. "चाचा, हे हो की नाही?" माझ्या पोटात एकदम त्या उत्तरेच्या भिंतीची आठवण कालवली. मी त्याला सांगितलं, बघ, समोरचा माणूस आतला अर्थ उचलतो तेव्हा स्वतःचं काहीतरी त्यात घालतो. उलट प्रश्न विचारतो, जुनी एखादी गोष्ट काढतो, चेंडू परत फेकतो. इथे तिने प्रेमाने दार ओढून घेतलंय, किंवा निदान अजून उघडलेलं नाही. दोन्हींत तुझं काम एकच. आता काही पाठवायचं नाही. तिला वाटलं तर ती बोलेल.

आणि आणखी एक सांगितलं, ते इथेही सांगतो. आडून बोलण्यात पळवाट असते. ती कुणासाठी ठेवायची हा खरा प्रश्न आहे. साहेब हाताखालच्या बाईला सूचक काहीतरी बोलतो, आणि तिने हटकलं की 'मी तसं म्हटलंच नव्हतं, तुमच्याच मनात आलं' म्हणून मोकळा होतो. वाट त्याने स्वतःसाठी ठेवलेली असते, आणि कोंडली जाते ती. आपण ती ऐकणाऱ्यासाठी ठेवायची. तिला न दुखवता, न लाजता, वरच्या अर्थाला जबाब देऊन निघून जाता आलं पाहिजे. आणि ती तशी गेली, तर जाऊ दिलं पाहिजे.

मुलाने ऐकलं. तो गप्प राहिला. श्रावणात ती गावी आली होती आणि सोमवारी त्याच साडेसातच्या गाडीने परत गेली, एवढं त्याच्याकडून कळलं. खिडकी गळत होती, म्हणून दोघं मागच्या सीटवर बसले आणि तालुका येईपर्यंत बोलत गेले. काय बोलले ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या वेळी बोलणंच संपलं होतं. यांचं अजून चालू आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)